वाक्य नटाचं, कारण दिग्दर्शकाचं

तालमीच्या हॉलमध्ये सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य संहितेत नसतंच. ते दिग्दर्शकाचं असतं: ‘असं नाही, असं म्हण.’ कॉलेजच्या रिकाम्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून एकांकिका बसवली जात असो, नाहीतर भाड्याच्या हॉलमध्ये खडूने दारं-खिडक्या आखून व्यावसायिक नाटकाची तालीम चालू असो, हा क्षण येतोच. नट वाक्य म्हणतो, दिग्दर्शकाच्या कानाला ते खटकतं, तो खुर्चीतून अर्धवट उठतो आणि तेच वाक्य स्वतः म्हणून दाखवतो. नट जवळजवळ तसंच म्हणतो. ‘हां, आता कसं!’ म्हणून दिग्दर्शक खाली बसतो आणि तालीम पुढे सरकते. सगळं मिळून अर्धं मिनिट जातं. काम झालं, वेळ वाचला, कुणाचं काही बिघडलं नाही, असंच त्या घटकेला वाटतं. खरं तर ते अर्धं मिनिट उसनं घेतलेलं असतं आणि त्याचं व्याज पुढे प्रत्येक प्रयोगात भरावं लागतं. ते कसं, आणि दिग्दर्शकाने मग करायचं काय, हे या लेखात पाहायचं आहे.

सूर कुठून येतो

घरात, बसस्टॉपवर किंवा बँकेच्या काउंटरवर बोलताना माणूस आपल्या वाक्याचा सूर ठरवत नाही. समोरच्याकडून त्याला काहीतरी हवं असतं, आधीचं काही माहीत असतं आणि समोरच्याने नुकतंच काहीतरी केलेलं किंवा म्हटलेलं असतं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की आवाजाची पट्टी, शब्दावरचा जोर आणि मधला विराम आपोआप ठरतो. सूर हा परिणाम आहे. दिग्दर्शक तो म्हणून दाखवतो तेव्हा कारणं गाळून नुसता परिणाम नटाच्या हाती देतो. नट हुशार असेल तर तो हुबेहूब उचलेलही. पण उचलताना त्याचं लक्ष समोरच्या नटावरून उडून स्वतःच्या गळ्यावर जातं. ‘मला काय हवंय’ याऐवजी ‘ते कसं होतं बरं’ हा विचार डोक्यात सुरू होतो आणि प्रेक्षकांना तो दिसतो. वाक्य बरोबर असूनही ‘म्हटल्यासारखं’ वाटतं, ते यामुळेच.

याहून मोठी अडचण दुसऱ्या दिवशी येते. समोरचा नट रोज सारखाच वागत नाही. आज तो प्रश्न हळू विचारतो, उद्या घाईत, परवा पाठ फिरवून. ज्याच्याकडे कारण आहे, त्याचं उत्तर त्याप्रमाणे बदलतं आणि तरी अर्थ तोच राहतो. ज्याच्याकडे फक्त सूर आहे, त्याचं उत्तर काल जिथे होतं तिथेच येतं. दोन पात्रं शेजारी उभी असूनही एकमेकांशी बोलत नाहीत, आपापली वाक्यं टाकतात. अशा तालमी आठवडाभर झाल्या की वाक्याला हेल चढतो, आणि एकदा चढलेला हेल उतरवणं हे पहिलं वाक्य बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांमध्ये हा दोष सहज ओळखता येतो. आजोबा, कॉलेजकन्यका आणि हवालदार हे सगळे एकाच चालीत बोलू लागले, एकाच जागी थांबू लागले आणि वाक्याच्या शेवटी एकाच तऱ्हेने आवाज चढवू लागले, की ती चाल दिग्दर्शकाची असते. तो रंगमंचावर नसतो, पण ऐकू त्याचाच आवाज येतो.

एक प्रसंग, चार वाक्यं

हे उदाहरणावरून नीट कळेल. समजा, एका एकांकिकेत वडिलांना सांभाळणारी बहीण आणि दुसऱ्या शहरात स्थायिक झालेला धाकटा भाऊ आहे. इमारत पुनर्विकासाला जायची आहे आणि भाऊ वडिलांची सही घ्यायला रात्री घरी आला आहे. संवाद एवढेच:

‘बाबा झोपले?’
‘आत्ताच डोळा लागलाय.’
‘कागद आणलेत मी.’
‘जेवून आला असशील ना?’

शेवटचं वाक्य बहीण करणारी मुलगी मायेने म्हणते. घरी पाहुणा आला की विचारतात, तसं. दिग्दर्शकाला ते वाक्य थंड हवं आहे. त्यात ‘इथे जेवायला थांबू नकोस’ हे ऐकू यायला हवं. सोपा रस्ता म्हणजे ‘असशील’वर जोर देऊन, ओठ आवळून ते म्हणून दाखवणं. दुसरा सोपा रस्ता म्हणजे ‘जरा थंड घे’ किंवा ‘आतून राग आण’ असं सांगणं. हा दुसरा रस्ता जास्त सभ्य वाटतो, पण जात त्याची तीच. ‘थंड’, ‘रागाने’, ‘अजून तीव्र’, ‘एनर्जी वाढव’ ही सगळी परिणामांचीच नावं आहेत. ती ऐकल्यावर नट रागाचा आवाज शोधतो, आणि रागाचा आवाज सगळ्यांचा साधारण सारखाच असतो.

कामाचा रस्ता वस्तुस्थितीच्या प्रश्नांपासून सुरू होतो. भाऊ कागद घेऊन येणार हे तिला आधी ठाऊक होतं का? शेवटचा तो कधी आला होता? स्वयंपाकघरात काय उरलंय? या प्रश्नांची उत्तरं संहितेत असतील तर ती शोधायची, नसतील तर दोघांनी मिळून ठरवायची. समजा असं ठरलं की पातेल्यात बाबांपुरताच भात झाकून ठेवलाय आणि झोपेतून उठवलं की बाबा गोंधळतात, समोर येईल त्या कागदावर सही करतात. आता बहिणीला काय हवंय हे वेगळं सांगावं लागत नाही. बाबा जागे होण्याआधी भाऊ घराबाहेर पडायला हवा. अडथळाही तिथेच आहे: बाबा पलीकडच्या खोलीत आहेत, त्यामुळे आवाज चढवता येत नाही आणि भांडण काढता येत नाही. तिच्याजवळ उरतं ते एकच हत्यार, घरातल्या रीतीभाती.

या टप्प्यावर दिग्दर्शकाची सूचना एका ओळीची असते: ‘त्याने बॅगेची चेन उघडायला घेतली की त्याला थांबव, पण बाबांना कळता कामा नये.’ यात सूर कुठेच नाही. ‘थांबव’ हे क्रियापद आहे, ते भावावर लागू होतं, आणि ते जमलं की नाही हे बहिणीला स्वतःला पाहता येतं, कारण भावाचा हात चेनवर थबकला की नाही ते समोरच दिसतं. ती मुलगी आता वाक्य हळू, जवळजवळ हसत म्हणेल. कदाचित धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, वर न पाहता म्हणेल. दिग्दर्शकाच्या डोक्यातल्या आवळलेल्या ओठांपेक्षा हे वेगळं असेल आणि बहुतेक वेळा जास्त बोचेल, कारण माया आणि हाकलणं दोन्ही एकाच वाक्यात येतील. भावाचा नटही बदलतो. त्याला खरोखरच थांबवलं गेल्यामुळे पुढचं वाक्य कसं म्हणायचं हा प्रश्न त्याच्यापुढे राहत नाही.

सूचनेसाठी क्रियापद निवडताना मराठीत तोटा नाही. चुचकार, खजील कर, कबूल करून घे, पिटाळून लाव, समजूत काढ, नादाला लाव, तोंड बंद कर. ‘दुःखी हो’ हेही क्रियापदच, पण ते समोरच्यावर काही करत नाही, म्हणून निरुपयोगी. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क प्रत्येक वाक्याला असं एक सकर्मक क्रियापद लावून घेत. त्या शिस्तीने नटाचं लक्ष सतत समोरच्यावर राहतं हे खरं. पण तिचा अतिरेकही होतो. दोनशे वाक्यांना दोनशे क्रियापदं लावून ती पाठ करायला लावली, तर तीसुद्धा हुकूमशाहीच, फक्त वहीत लिहिलेली. प्रसंगाच्या प्रत्येक वळणाला एक क्रियापद पुरतं. वरच्या प्रसंगात ते चेन उघडण्याच्या क्षणी लागतं. आधीच्या तीन वाक्यांना हात लावायची गरज नाही.

स्टॅनिस्लाव्हस्की दोन टोकांवर

हा वाद नवा नाही, आणि त्याची दोन्ही टोकं एकाच माणसाच्या कामात सापडतात. 1898 साली मॉस्को आर्ट थिएटरने चेखॉवचं ‘द सीगल’ बसवलं, तेव्हा कॉन्स्टंटिन स्टॅनिस्लाव्हस्की मॉस्कोपासून दूर, भावाच्या इस्टेटीवर बसून नाटकाचा सविस्तर आराखडा लिहीत होते. कुणी कुठे चालायचं, कुठे थांबायचं, कुणाच्या हातात काय असायचं, पार्श्वभूमीला कुठले आवाज येणार, विराम कुठे घ्यायचे, हे सगळं त्यांनी कागदावर आधीच ठरवलं. ती पानं मॉस्कोला जात आणि त्यांचे सहकारी नेमिरोविच-डान्चेन्को त्याबरहुकूम तालमी घेत. नट हलण्याआधीच त्यांचं हलणं लिहून झालं होतं. आणि तो प्रयोग अत्यंत यशस्वी झाला. आखून देणाऱ्यांच्या बाजूने हा पुरावा भक्कम आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याच स्टॅनिस्लाव्हस्कींनी आयुष्याच्या अखेरीस नेमकी उलटी वाट धरली. मोलिएरच्या ‘तार्त्यूफ’वर निवडक नटांबरोबर काम करताना त्यांनी सुरुवातीला संवाद पाठच करू दिले नाहीत. प्रसंगात कोण कोणाकडून काय मिळवू पाहतंय, ते आधी नटांनी कृतीतून आणि स्वतःच्या शब्दांत शोधायचं आणि लेखकाचे शब्द त्यानंतर घ्यायचे. 1938 मध्ये त्यांचं निधन झालं. नाटक त्यानंतर सहकाऱ्यांनी पुरं केलं. त्या तालमींची हकिकत त्यात ऑर्गनची भूमिका करणाऱ्या वासिली तोपोर्कोव्हने लिहून ठेवली आहे.

चाळीस वर्षांच्या या प्रवासाचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. ‘सीगल’च्या वेळी कंपनी नवी होती, बरेच नट तरुण होते आणि चेखॉवसारखं नाटक कसं करतात याचा नमुना कुणापुढेच नव्हता. बाहेरून दिलेल्या आराखड्याने एक वातावरण उभं राहिलं. पण आराखडा त्या एका नाटकाचा असतो. तो पुढच्या नाटकाला लागू होत नाही आणि पन्नासाव्या प्रयोगाला नटाला ताजं ठेवत नाही. यशस्वी दिग्दर्शकाला आपलीच यशस्वी पद्धत अपुरी वाटली, ही गोष्ट माझ्या मते ‘सीगल’च्या यशापेक्षा जास्त बोलकी आहे.

जे सरळ सांगायचं ते सरळ

इथे एक गैरसमज होऊ शकतो. सूर सांगायचा नाही, म्हणजे दिग्दर्शकाने फक्त प्रश्न विचारत मवाळपणे बसायचं, असं नाही. बऱ्याच गोष्टी थेट सांगायच्याच असतात आणि त्यांना मानसशास्त्राचा मुलामा द्यायचा नसतो. ‘तू दिव्यात नाहीस, दोन पावलं पुढे ये.’ ‘दार आधी लाव, मग बोल.’ ‘मागच्या रांगेत ऐकू येत नाही.’ प्रेक्षकांच्या जागेवरून काय दिसतं आणि काय ऐकू येतं, हे नटाला कळण्याचा दुसरा मार्गच नाही.

मराठीपुरती यातली एक तांत्रिक सूचना फार महत्त्वाची आहे. आपल्या वाक्याचा प्राण बहुधा शेवटी असतो. क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. ‘मी या कागदावर सही करणार नाही’ या वाक्याचं शेपूट पडलं, तर प्रेक्षकांना ऐकू येतं ‘मी या कागदावर सही करणार’, म्हणजे नेमकं उलटं. ‘तुझा “नाही” पोचत नाही’ ही सूचना म्हणजे सूर लादणं नव्हे. पण ती दोनदा देऊनही शेपूट पडत असेल, तर दोष घशात नसतो. नटाच्या दृष्टीने विचार ‘सही’पाशीच संपलेला असतो आणि उरलेले शब्द तो सवयीने पुरे करत असतो. अशा वेळी विचारावं, ‘हे ऐकून त्याने काय करायला हवंय तुला?’ तो नकार कुणाच्या तरी छातीवर ठेवायचाय हे उमगलं की वाक्य आपसूक शेवटपर्यंत उभं राहतं.

अर्थ चुकतो तेव्हाही तसंच. नट भलत्या शब्दावर जोर देतो, कारण त्या वाक्यात नवीन काय आणि आधीच बोलून झालेलं काय, हे त्याने पाहिलेलं नसतं. ‘कागद आणलेत मी’ यात ‘मी’वर जोर आला, तर दुसरं कुणीतरी कागद आणणार होतं असा भास होतो. ‘कागद’वर जोर द्यायला सांगण्यापेक्षा आठवण करून द्यावी: ‘तुझ्याशिवाय हे काम कुणी करणारच नव्हतं, हे दोघांनाही माहीत आहे.’ चुकीचा जोर गळून पडतो आणि तो पुन्हा चुकत नाही, कारण नटाला आता कारण माहीत असतं.

नटाचं हे स्वातंत्र्य शब्दांना मात्र लागू नाही. सूर त्याचा असला तरी वाक्य लेखकाचं असतं. तालमीत एकदा स्वतःच्या शब्दांत प्रसंग करून बघणं हा चांगला उपाय आहे. प्रयोगात ॲडिशन घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

नोट्सची वही

रनथ्रू चालू असताना दिग्दर्शक वहीत लिहीत असतो, आणि खरी गडबड तिथेच होते. वहीत ‘दुसरा प्रवेश पडला’, ‘ताई कमी पडते’, ‘इथे कंटाळा’ असं लिहिलेलं असतं. ही प्रेक्षक म्हणून त्याची प्रतिक्रिया आहे आणि ती मोलाची आहे. पण ती नोट नव्हे. नटासमोर ती तशीच वाचून दाखवली तर त्याला लाज वाटण्यापलीकडे काही हाती लागत नाही. रनथ्रू आणि नोट्स यांच्यामध्ये दिग्दर्शकाने दहा-पंधरा मिनिटं एकट्याने बसून प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायचं असतं. तसं केल्यावर पुष्कळदा दिसतं की नोट दुसऱ्याच नटासाठी आहे. ताई कमी पडते, कारण भावाला कुठलीच घाई नाही. तो चेन उघडतच नाही, मग ती थांबवणार कुणाला? नोट भावाला द्यायची: ‘तुझी परतीची गाडी साडेदहाची आहे.’ ताईला काहीच सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती सुधारलेली दिसते आणि तिला कळतही नाही का.

उरलेल्या नोट्सनाही कात्री लावावी लागते. एका नटाला एका वेळी दोन-तीनच नोट्स पेलतात. बारा दिल्या तर तो त्या लक्षात ठेवण्यात पुढचा अख्खा रनथ्रू घालवतो. नोट दिल्यावर चर्चा लांबवण्यापेक्षा प्रसंग लगेच करून बघावा, कारण ‘हो सर, कळलं’ हे उत्तर काहीच सिद्ध करत नाही. सगळ्यांना लागू असलेली नोट सगळ्यांसमोर. नटाच्या शरीराशी, उच्चाराशी किंवा भीतीशी संबंधित असेल ती बाजूला घेऊन. आणि पडदा उघडायच्या आधी विंगेत अर्थाची नोट कधीच द्यायची नाही. ती पचवायला वेळ नसतो आणि नट ती नेमकी पहिल्या प्रवेशात आठवत बसतो.

वाक्य गोठलंय की जिवंत आहे, हे तपासायचीही एक रीत आहे. तालमीत भावाला गुपचूप सांगायचं की आज चेन उघडत बसू नकोस, कागद आधीच टीपॉयवर ठेवून दे. बहिणीने तरीही कालच्याच जागी, कालच्याच चालीत वाक्य म्हटलं, तर ते गोठलं आहे. मग तिला एकदा ते वाक्य स्वयंपाकघरातून, न दिसता म्हणायला लावावं, किंवा कुजबुजत, आणि मग पुन्हा मूळ जागी आणावं. असले बदल रंगीत तालमीच्या आधी करायचे. प्रकाशयोजना आणि मारामारीच्या हालचाली ठरल्यावर नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप वेळेचा. 1963 पासून पुण्यात भरणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत वर्गातून थेट रंगमंचावर आलेली मुलं असतात. त्यांच्याशी कारणांची चर्चा करत बसलो तर एकांकिका उभी कधी राहणार? यात तथ्य आहे, पण हिशेब अर्धाच मांडलेला आहे. म्हणून दाखवायला अर्धं मिनिट लागतं आणि तेच वाक्य पुढच्या प्रत्येक तालमीत पुन्हा दुरुस्त करावं लागतं. कारण द्यायला पाच मिनिटं लागतात, पण त्यातून एका वाक्याऐवजी पानभर संवाद जागेवर येतात. नवख्या मुलांना तर कारण जास्त लवकर समजतं. ‘उपरोधाने म्हण’ त्यांना जमत नाही. ‘त्याला त्याच्याच मित्रांसमोर तोंडघशी पाड’ हे त्यांना पूर्ण जमतं.

दुसरा आक्षेप परंपरेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. मराठी नट करून दाखवण्यातूनच घडले. गोविंद बल्लाळ देवल नाटककार म्हणून जितके मोठे, तितकेच तालीममास्तर म्हणूनही नावाजलेले होते. संगीत नाटकात तर वाक्याच्या शेवटी पेटीचा सूर लागतो आणि पद सुरू होतं. तिथे पट्टी सांगावीच लागते. पण त्या काळच्या मंडळीतला नट वर्षानुवर्षं कंपनीबरोबर राहत, हिंडत असे आणि तीच भूमिका पुन्हा पुन्हा करत असे. उचललेला सूर मुरून स्वतःचा व्हायला त्याला काळ मिळायचा. आजच्या नटाला तालमीला जेमतेम महिना मिळतो आणि मधल्या वेळात मालिकेचं चित्रीकरण असतं. त्या पद्धतीतलं करून दाखवणं तेवढं आपण उचललं आणि ते पचवणारी वर्षं मागे टाकली.

तिसरा आक्षेप विनोदाचा. लाफ्टर हवा असेल तर नेमका शब्द नेमक्या जागी पडावा लागतो, तिथे शोधाबिधाची चैन नाही, असं म्हणतात. विनोदात अचूकपणा जास्त लागतो हे मान्य. ज्या शब्दावर हशा बेतलाय तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे, त्या क्षणी दुसऱ्या कुणी हलता कामा नये, हशा ओसरू लागल्यावरच पुढचं वाक्य घ्यायचं. हे सगळं थेट सांगावं. पण हशा किती वेळ चालेल हे तालमीत कुणालाच सांगता येत नाही. दादरचा प्रेक्षक आणि सांगलीचा प्रेक्षक एकाच जागी सारखा हसत नाही. ज्याला विराम मोजून दिलाय तो हशात वाक्य बुडवतो किंवा शांततेत ताटकळतो. ज्याला ठाऊक आहे की आपण समोरच्याकडून कबुली मिळवतोय, तो थांबूनही प्रसंगात राहतो.

शेवटी नट स्वतःच विचारतो, ‘सर, एकदा करून दाखवा ना.’ कधीकधी दाखवायला हरकत नाही, पण मग ते मुद्दाम ढोबळ दाखवावं, नक्कल करता येणार नाही इतकं, किंवा समोरच्या पात्राचं करून दाखवावं. भावाचा निर्लज्जपणा दिग्दर्शकाने दाखवला, तर बहिणीला तिचं वाक्य सापडतं. आणि सगळं करूनही वाक्य बसत नसेल, तर एक शक्यता दिग्दर्शकाने तपासावी: कदाचित ते वाक्यच नको आहे. मग नोट लेखकाला द्यायची.

दिग्दर्शक नसताना

आपल्याकडे नाटकाचं आयुष्य प्रयोगांच्या संख्येत मोजतात. शुभारंभ झाल्यावर दिग्दर्शक पुढच्या नाटकाला लागतो आणि नाटक त्याच्याशिवाय दौऱ्यावर जातं. त्यानंतर दोन गोष्टी घडतात. एक, दाखवलेला सूर हळूहळू झिजतो. नट पाट्या टाकू लागतो, आणि त्याला जागं करायला हॉलमधला तो आवाज नसतो. दोन, कधीतरी नट बदलतो. बदली नटाला आधीच्याची कॅसेट करायला लावलं तर ती नकलेची नक्कल होते. 1970 साली रंगमंचावर आलेल्या ‘नटसम्राट’मध्ये बेलवलकर आधी डॉ. श्रीराम लागूंनी केले, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही केले. या तिघांच्या आवाजाची जात, उंची आणि लय निराळी. एकाचा सूर दुसऱ्याच्या गळ्यात बसला नसता, आणि तो बसवायची गरजही नव्हती. त्या म्हाताऱ्याला मुलांकडून काय हवं होतं आणि ते का मिळालं नाही, एवढं तिघांपुढेही तेच होतं.

म्हणून नोट देण्याआधी दिग्दर्शकाने एकच कसोटी लावावी: मी समोर नसेन तेव्हा ही सूचना नटाच्या उपयोगी पडेल का? ‘असशीलवर जोर दे’ ही सूचना दोन आठवड्यांत संपते. ‘बाबा उठायच्या आत त्याला घराबाहेर काढ’ ही सूचना भाऊ बदलला, नाट्यगृह बदललं, अगदी बहीण बदलली तरी चालू राहते. दिग्दर्शकाचं काम जितकं या दुसऱ्या जातीचं असेल, तितकं ते त्याच्या पाठीमागे टिकेल.